तुम्ही विचारलंत म्हणून: फळांचं योगर्ट, साधं दही आणि डब्याची मागची बाजू

«डब्यावर ‘लाइव्ह कल्चर्स’ असं मोठं लिहिलेलं असतं. मग फळांच्या चवीचं योगर्ट आणि साधं दही यांत खरा फरक तो किती? आणि लेबलवर बघायचं तरी काय?»

डबा उलटा करा आणि पोषणमूल्यांच्या तक्त्यात आधी प्रथिनांचा आकडा शोधा. हे सांगितलं की बहुतेक जण थबकतात, कारण त्यांना शंका असते साखरेची. पण मी बरीच वर्षं दुग्धशाळेच्या तपासणी विभागात दह्याचे नमुने तपासले आहेत आणि माझी नजर अजूनही आधी तिथेच जाते. प्रथिनांवरून डब्यात दुधाचा भाग किती आहे याचा अंदाज येतो. तो आला की दुधाची स्वतःची साखर किती आणि वरून घातलेली किती, हेही सुटं करता येतं.

साध्या दह्याच्या तक्त्यातसुद्धा साखर दिसते. शंभर ग्रॅमला साधारण चार ते पाच ग्रॅम. ती कोणी घातलेली नसते, ते दुधातलं लॅक्टोज असतं. विरजणातले जंतू त्यातलं काही खाऊन त्याचं लॅक्टिक आम्ल करतात, म्हणून दही आंबट लागतं, पण बरंचसं लॅक्टोज तसंच उरतं. फळांच्या योगर्टमध्ये हे लॅक्टोज आणि वरची साखर दोन्ही ‘एकूण साखर’ या एकाच ओळीत येतात. खाली ‘अॅडेड शुगर’ची वेगळी ओळ असेल तर काम झालं. नसेल तर थोडं गणित करावं लागतं.

दुधात प्रथिनं सुमारे ३.३ टक्के आणि लॅक्टोज सुमारे ४.७ टक्के असतं. म्हणजे एक ग्रॅम प्रथिनांमागे साधारण १.४ ग्रॅम लॅक्टोज. दूध पावडर घालून दही दाट केलं तरी हे प्रमाण फारसं हलत नाही, कारण पावडरमध्येही दोन्ही जवळजवळ त्याच प्रमाणात असतात. साध्या दह्यावर हा हिशेब ताडून बघा: प्रथिनं ३.५ असतील तर लॅक्टोज ४.९ यायला हवं, आणि तक्त्यात साखर ४.७ च्या आसपास सापडते.

आता स्ट्रॉबेरीच्या योगर्टचा १२५ ग्रॅमचा डबा घेऊ. असे तक्ते मी पुष्कळ पाहिले आहेत. शंभर ग्रॅममागे प्रथिनं २.८, फॅट २.५, कर्बोदकं १६ आणि एकूण साखर १४.२ ग्रॅम. प्रथिनं २.८ म्हणजे लॅक्टोज सुमारे ३.९. ते १४.२ मधून वजा केलं की उरतात १०.३ ग्रॅम. अख्ख्या डब्यासाठी हे जवळजवळ १३ ग्रॅम होतात, म्हणजे चहाचे तीन चमचे साखर. यात फळाची स्वतःची साखर थोडी येते. पण स्ट्रॉबेरीत साखर जेमतेम पाच टक्के असते आणि घटकांच्या यादीत फळ आठ टक्के लिहिलं असेल, तर फळाचा वाटा शंभर ग्रॅममागे अर्धा ग्रॅमही भरत नाही. उलट जंतूंनी खाल्लेलं लॅक्टोज आपण धरलेलंच नाही, त्यामुळे घातलेली साखर खरं तर थोडी जास्तच असू शकते. दोन्ही चुका एकमेकींना बऱ्याच अंशी भरून काढतात, म्हणून उत्तर ढोबळ असलं तरी कामाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवलं की मुक्त साखर, म्हणजे वरून घातलेली आणि मध-फळांच्या रसातली साखर, रोजच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली असावी आणि पाच टक्क्यांखाली आली तर आणखी बरं. दोन हजार कॅलरींच्या आहारात पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. त्यातला निम्मा वाटा या एका छोट्या डब्यातच जातो. दुधातलं लॅक्टोज मात्र त्या मोजणीत धरत नाहीत, म्हणून साध्या दह्याच्या चार-पाच ग्रॅमची काळजी नको.

हा हिशेब एका ठिकाणी फसतो. ‘ग्रीक’ म्हणून विकलं जाणारं चक्क्यासारखं दाट योगर्ट गाळून केलेलं असतं. पाण्याबरोबर लॅक्टोज निघून जातं आणि प्रथिनं मागे राहतात. तिथे प्रथिनं नऊ आणि लॅक्टोज तीन-चार असू शकतं, मग १.४ ने गुणून चालत नाही. घटकांमध्ये ‘मिल्क प्रोटीन’ किंवा ‘व्हे प्रोटीन’ वेगळं घातलेलं दिसलं तरी तेच. अशा वेळी लॅक्टोज सरळ चार ग्रॅम धरा आणि वजाबाकी करा.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. दुधानंतर लगेच साखर आणि फळ तिच्याही मागे, असं दिसलं तर डब्यावरच्या चित्रापेक्षा तो क्रम खरा माना. साखर तिथे दोनदाही येते: एकदा थेट आणि एकदा ‘फ्रूट प्रिपरेशन’च्या कंसात. ग्लुकोज सिरप, फ्रुक्टोज, फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट, मध ही सगळी त्याच हिशेबात येतात. ‘नो अॅडेड शुगर’ लिहिलेलं असेल तर सुक्रालोज किंवा स्टीव्हिया आहे का ते बघा, म्हणजे गोडी कुठून आली ते कळेल.

जिवंत जंतूंच्या बाबतीत मात्र मला फळांच्या योगर्टची बाजू घ्यावीशी वाटते. योगर्ट ज्या दोन जंतूंनी लागतं ते म्हणजे लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. फळ आणि साखर मिसळल्याने ते मरत नाहीत. फ्रिजमध्ये ठेवलेल्या डब्यात ते असतात, फक्त दिवस जातील तशी त्यांची संख्या घटत जाते. कोडेक्सच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार योगर्टमध्ये मुदत संपेपर्यंत एका ग्रॅममध्ये किमान एक कोटी जंतू हवेत, आणि चवीच्या योगर्टमध्ये ही अट त्यातल्या दह्याच्या भागाला लागू होते. हे जंतू आतड्यात कायमचे राहायला येत नाहीत, पण लॅक्टोज पचवायला मदत करतात. दूध न सोसणाऱ्या अनेकांना दही सोसतं ते म्हणूनच. ‘प्रोबायोटिक’ म्हणून एखादं आणखी नाव छापलेलं असेल तर ते स्ट्रेनपर्यंत, म्हणजे जंतूच्या नेमक्या वाणापर्यंत, पूर्ण आहे का बघा. नाव, पुढे अक्षरं-आकडे आणि मुदतीअखेरची संख्या दिलेली असेल, तर सांगणाऱ्याने मोजलेलं असण्याची शक्यता जास्त.

जंतू जातात ते विरजल्यानंतर पुन्हा तापवलेल्या योगर्टमध्ये. महिनोन्‌महिने टिकावं म्हणून काही योगर्ट असं तापवतात. तेव्हा ‘कल्चर’ हा शब्द घटकांत दिसतोच, आणि तो खोटाही नसतो, कारण दही जंतूंनीच लागलेलं असतं. म्हणून ‘मेड विथ कल्चर्स’ आणि ‘कंटेन्स लाइव्ह कल्चर्स’ यांतला फरक मी दर वेळी दाखवते. पहिल्यात जंतू होते एवढंच कळतं, दुसऱ्यात ते आहेत असं म्हटलेलं असतं. ‘हीट ट्रीटेड’ किंवा ‘थर्मायझ्ड’ हे शब्द शोधा. ते सापडले नाहीत तर साठवण्याची सूचना वाचा: फ्रिजबाहेर ठेवायला परवानगी आणि मुदत कित्येक महिन्यांची असेल तर आत जिवंत काही उरलेलं नाही असंच धरा.

तरी शंका राहिली तर घरी तपासता येतं. दूध उकळून, बोट सोसेल इतपत कोमट होऊ द्या, साधारण ४२-४३ अंश. तीन स्वच्छ वाट्यांत अर्धा-अर्धा कप घाला. एकीत साध्या दह्याचा एक चमचा, दुसरीत चवीच्या योगर्टचा एक चमचा, फळाचा तुकडा न घेता, आणि तिसरीत काहीच नाही. तिन्ही झाकून उबेला ठेवा आणि सात-आठ तासांनी बघा. दुसरी वाटी पहिलीसारखी लागली असेल तर योगर्टमधले विरजणाचे जंतू जिवंत होते. एका चमच्यातल्या घट्ट करणाऱ्या पदार्थाने अर्धा कप दूध लागत नाही, म्हणून ही परीक्षा फसवत नाही. तिसरी वाटी पातळ दूधच राहायला हवी. तीही फाटली किंवा घट्ट झाली तर भांड्यांतून काहीतरी शिरलंय, सगळं पुन्हा करा. या परीक्षेने संख्या कळत नाही, आणि छापलेला प्रोबायोटिक जंतू त्यात आहे की नाही तेही नाही.

राहिले स्टॅबिलायझर. यांच्याबद्दल मला सर्वात जास्त विचारतात आणि मला त्यांची सर्वात कमी काळजी वाटते. दही म्हणजे दुधातल्या केसिन या प्रथिनाचं जाळं, आणि पाणी त्या जाळ्यात अडकलेलं. ते ढवळून फळ मिसळलं की जाळं मोडतं आणि पाणी सुटतं. वाहतुकीत डबे हलतात तेव्हा आणखी सुटतं. पेक्टिन (४४०), ग्वार गम (४१२), अगर (४०६) किंवा मॉडिफाइड स्टार्च (१४४२) हे पाणी धरून ठेवतात. वापरतात तेवढ्या प्रमाणात यांतलं काही घाबरण्यासारखं नाही. जिलेटिन मात्र प्राण्यांपासून येतं, शाकाहारी माणसाने ते नाव जरूर शोधावं.

पण ते एक गोष्ट झाकू शकतात. प्रथिनं कमी असली तरी स्टार्चमुळे चमचा उभा राहतो आणि जीभ त्याला ‘मलईदार’ म्हणते. मघाच्या डब्यात कर्बोदकं १६ आणि साखर १४.२ होती. मधले १.८ ग्रॅम कुठले? एखादा ग्रॅम लॅक्टिक आम्लाचा असू शकतो, कारण तक्त्यात बहुधा तोही कर्बोदकांत मोजला जातो. बाकीचा स्टार्च. हा फरक दोन ग्रॅमच्या पुढे गेला आणि प्रथिनं तीनच्या खाली असली, तर दाटपणा दुधाचा नाही असं मी समजते. साध्या दह्यावर तरंगणारं पाणी बघून ते खराब झालं म्हणून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. ते पाणी ढवळून घ्या, त्यात काहीही वाईट नाही.

घरी माझं प्रमाण असं आहे: शंभर ग्रॅम साधं दही, पंचवीस ग्रॅम पिकलेलं फळ बारीक चिरून आणि एक सपाट चहाचा चमचा साखर. वजन त्या डब्याएवढंच, घातलेली साखर चार ग्रॅम. फक्त ते खायच्या वेळीच मिसळते. साखर फळातलं पाणी ओढून काढते, आणि स्टॅबिलायझर नसल्यामुळे अर्ध्या तासात वाटीच्या तळाशी गुलाबी पाणी साचलेलं असतं.