आमची वाटचाल : चाळीस फुटांवरची नथ

आमचं काम अण्णांपासूनचं. ते सांगलीत दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि वर्षातून चार-दोनदा मोठे बोर्डही करायचे. मोठ्या बोर्डाला छोट्या चित्रावर चौकटी आखायच्या, संख्येने तेवढ्याच पण आकाराने मोठ्या चौकटी बोर्डावर आखायच्या आणि एकेक चौकट उचलून न्यायची. डोळे आणि दागिने मात्र ते चौकटीवरून उचलत नसत. ते बोर्डावर नव्याने काढायचे. शिडीवरून उतरून रस्त्यापलीकडे जायचं, तिथून बघायचं, परत चढायचं. मला तेव्हा हा वेळकाढूपणा वाटायचा. पुढे भावाने फ्लेक्सचं मशीन घेतलं, मी डिझाइन बघायला लागले आणि चौकटी अडगळीत गेल्या.

एआयकडून चित्रं काढून घ्यायला आम्ही सुरुवात केली ती एका हळदीच्या गिऱ्हाइकासाठी. सांगली-मिरज रस्त्यावर विश्रामबागेजवळ 40 बाय 20 फुटांचं होर्डिंग होतं. हळदीच्या शेतात नऊवारी नेसलेली बाई, ओंजळीत हळकुंडं. पुडीचा मात्र खरा फोटो काढला, कारण विकायची वस्तू काल्पनिक दाखवणं मला पटत नाही. अक्षरंही कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्येच लावली. ती रेषांची असल्यामुळे कितीही मोठी केली तरी फाटत नाहीत, शिवाय ही मॉडेलं तेव्हा मराठी जोडाक्षरांचा चुराडा करायची.

चित्र आलं 1408 बाय 704 पिक्सेलचं. गिऱ्हाइकाच्या थोरल्या मुलाने एरवीसारखंच विचारलं, "ताई, 300 डीपीआय आहे ना?" डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. 40 फूट म्हणजे 480 इंच. 300 ने गुणलं तर 1 लाख 44 हजार पिक्सेल रुंदी आणि 72 हजार उंची होते, म्हणजे हजार कोटींहून जास्त पिक्सेल. एवढी फाइल उघडायलाही आमच्याकडे मशीन नाही आणि तिची गरजही नाही. 300 हा आकडा हातात धरायच्या कागदाचा आहे. पण हे तेव्हा मला नीट समजावता आलं नाही. उलट त्याच्या समाधानासाठी आम्ही चित्र चारपट मोठं केलं आणि तेच परत चारपट. सोळापट! फाइल दणदणीत झाली. फोनवर पाठवली, घरच्या सगळ्यांनी बघितली, पसंत केली.

होर्डिंग चढलं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या आई रिक्षातून तिथून गेल्या आणि घरी जाऊन म्हणाल्या, "त्या बाईची नथ ओठात शिवलीय काय?"

खरंच तसं होतं. नथीचा आकडा वरच्या ओठात घुसला होता. साडीच्या काठावर नक्षीऐवजी कुठल्याच लिपीत नसलेली अक्षरं उमटली होती आणि हळकुंडांवर माशाचे खवले आले होते. 800 चौरस फूट फ्लेक्स आम्ही आमच्या खर्चाने परत छापलं.

चूक कुठे झाली ते शोधताना आधी नथीपासूनच सुरुवात केली. मूळ चित्रात त्या बाईचा चेहरा जेमतेम 120 पिक्सेल उंच होता आणि नथीच्या वाट्याला 18 पिक्सेल आले होते. त्यातही हे मॉडेल थेट पिक्सेलमध्ये काम करत नाही. आठ बाय आठ पिक्सेलचं एक खण धरून, अशा खणांवर ते चित्र घडवतं. म्हणजे अख्खी नथ दोन-तीन खणांत. तेवढ्या जागेत मोती, आकडा आणि ओठ वेगळे राहणार कसे? मोठं करणाऱ्या सॉफ्टवेअरला हे ठाऊक नसतं. त्याला दिसला तो एक डाग, आणि त्याने तो डाग इमानेइतबारे धारदार केला. दुसऱ्या फेरीत त्याने पहिल्या फेरीतला स्वतःचाच अंदाज खरा धरला. खवले तिथून आले.

मग फोनवर कुणाच्याच का लक्षात आलं नाही? हे गणित मी एका रविवारी वहीवर मांडलं. उभा धरलेला फोन साधारण साडेसहा सेंटिमीटर रुंद असतो आणि आपण तो फूटभर अंतरावर धरतो. 40 फुटी होर्डिंग डोळ्याला तेवढंच लहान दिसायला आपण त्याच्यापासून सुमारे 55 मीटर लांब उभं राहायला हवं. म्हणजे फोनवर पसंत करणं हे 55 मीटरवरून पसंत करणं होतं. फोनवर नथ एक मिलिमीटरही भरत नाही. आमच्या होर्डिंगपासून रिक्षा जाते 15 मीटरवरून, आणि तिथून तीच नथ 6 इंचांची.

आता आम्ही गिऱ्हाइकाला दुकानात बोलावतो. 15 इंची लॅपटॉपवर चित्र पूर्ण रुंदीने लावायचं आणि दीड फुटावर बसायचं. 15 मीटरवरून 40 फूट जेवढं दिसतं, जवळजवळ तेवढंच ते दिसतं. अण्णांचं रस्त्यापलीकडे जाणं आम्ही टेबलावर आणलं म्हणा ना.

किती पिक्सेल पुरतात तेही याच अंतरावरून काढतो. 87 ला मीटरमधल्या अंतराने भागायचं, की साधारण नजरेला इंचाला किती पिक्सेल पुरतात ते मिळतं. 15 मीटरला 5.8, म्हणजे 480 इंचांना सुमारे 2800 पिक्सेल. आमचं 1408 चं चित्र एकदाच चारपट केलं की 5632 होतं, गरजेच्या दुप्पट. सिग्नलला थांबलेला माणूस 7-8 मीटरवर आला तरी चालतं. छपाईची फाइल आम्ही 9600 रुंदीची करतो, पण 5632 पासून पुढची वाढ साध्या पद्धतीने, काहीही नवं न रचता. वरून हलका दाणा टाकतो, त्याने कातडी प्लॅस्टिकसारखी दिसत नाही.

चेहऱ्याचं काम चारपट झाल्यावर वेगळं करतो. चेहऱ्याभोवतीचा 640 बाय 640 चा तुकडा कापायचा, 1024 चा करायचा आणि तेवढाच भाग मॉडेलकडून परत काढून घ्यायचा. आता नथीला 115 पिक्सेल मिळतात, म्हणजे चौदा खण. बदलाचं प्रमाण, म्हणजे मॉडेलने आधीचं चित्र किती बदलायचं ते, 0 ते 1 मध्ये 0.4 च्या आसपास ठेवतो. जास्त केलं तर बाईच बदलते. जमलं की तुकडा लहान करून जागेवर बसवायचा.

शेत आणि पानं तुकड्यातुकड्यांनी नव्याने रंगवून घेतो, तेव्हा प्रमाण 0.25 पर्यंतच आणि मॉडेलला दिलेल्या सूचनेतून ‘बाई’ हा शब्द काढून. एकदा तो राहिला. प्रत्येक तुकड्याला तीच सूचना जाते, त्यामुळे उजव्या कोपऱ्यात हळदीच्या पानांतून एक लहानसा चेहरा बघत होता. ऑपरेटर दचकला बिचारा.

स्टेटससाठी 5632 रुंदीच्या फाइलमधूनच बाईभोवतीचा उभा भाग काढतो. 1584 बाय 2816 चा, तो 1080 बाय 1920 वर आणतो. लहान करताना किंचित मऊपणा येतो, तेवढी धार परत द्यायची. आख्खं आडवं होर्डिंग फोनवर टाकलं तर अक्षरं मुंगीएवढी होतात, म्हणून मजकूर तिथे वेगळा लावतो. गिऱ्हाइकाला मात्र दोन्ही फाइली वेगळ्या नावाने देतो, कारण मागच्या दिवाळीत एकाने स्टेटसचीच फाइल परस्पर दुसऱ्या प्रेसला छापायला दिली, आणि फोन आला तो आम्हाला.