तुम्ही विचारलंत म्हणून: पूर्णविरामाच्या डावीकडचा शब्द

‘निबंध लिहून होतो तेव्हा जेमतेम पाच मिनिटं उरलेली असतात. तेवढ्यात काळाच्या आणि कर्ता-क्रियापदाच्या चुका पकडायच्या कशा? सगळं वाचून काढायला गेलं की अर्ध्यावरच वेळ संपतो.’

सगळे वाचूच नका, फक्त क्रियापदे वाचा. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते, म्हणजे पूर्णविरामाच्या लगेच डावीकडे बसलेले असते, आणि ही आपल्या भाषेने तपासणाऱ्याला दिलेली मोठीच सवलत आहे. साधारण ३०० शब्दांच्या निबंधात २५ च्या आसपास वाक्ये असतात. म्हणजे नजर २५ ठिकाणी टेकवायची आहे. पूर्ण वाचन करताना आपण आपल्याच आशयात गुंगतो आणि जे लिहायचे मनात होते तेच कागदावर आहे असे समजून पुढे जातो. नुसते वाक्यांचे शेवट पाहिले, तर अर्थाचा हा पडदा आड येत नाही.

माझी पद्धत दोन फेऱ्यांची आहे. पहिली काळाची, तिला दीड मिनिट. दुसरी कर्ता-क्रियापदाच्या मेळाची, तिला अडीच ते तीन मिनिटे. उरलेला वेळ दुरुस्ती नीट, वाचता येईल अशी करण्यासाठी राखून ठेवायचा. दोन्ही गोष्टी एकाच फेरीत पाहण्याचा मोह टाळावा. काळ पाहताना नजर वरून खाली, एका पूर्णविरामावरून दुसऱ्यावर धावते, तर मेळ पाहताना ती क्रियापदापासून मागे, वाक्याच्या आत शिरते. दोन्ही एकदम करणारा माणूस दोन्हीकडे अर्धवट पाहतो.

घाईत लिहिलेला एक परिच्छेद समोर ठेवते, म्हणजे पुढचे बोलणे त्याच्या आधाराने करता येईल.

‘गेल्या वर्षी आमच्या ग्रंथालयाने एक उपक्रम सुरू केला. त्यात सभासदांनी आपली जुनी पुस्तके दिले. मी स्वतः चार कादंबऱ्या दिले. लहान मुलांसाठीच्या पुस्तकांची मागणी सर्वांत जास्त असतात. एक आजोबा रोज येतात आणि मुलांना गोष्टी वाचून दाखवत असे. ग्रंथपालांनी सांगितले, की पुढच्या वर्षीही हा उपक्रम होणार आहे. असे उपक्रम सगळीकडे सुरू झाले पाहिजे.’

पहिल्या फेरीत फक्त शेवटचे शब्द वाचा: केला, दिले, दिले, असतात, दाखवत असे, होणार आहे, पाहिजे. मजकूर भूतकाळातल्या एका हकिकतीचा आहे, हे ‘केला’ने ठरवून दिले. त्यामुळे ‘असतात’ पाशी नजर अडखळायला हवी. तिथे ‘होती’ हवे. पुढच्या वाक्यात ‘दाखवत असे’ हा रीतिभूतकाळ आहे, पण ‘आणि’च्या आधी दडून बसलेले ‘येतात’ वर्तमानातले आहे. पूर्णविरामाच्या युक्तीची ही मर्यादा लक्षात ठेवावी लागते: ‘आणि’, ‘पण’, ‘तेव्हा’, ‘म्हणून’ यांच्या आधीही क्रियापद असू शकते, आणि काळ घसरतो तो बहुतेक वेळा अशाच जोडावर. ‘येत असत आणि दाखवत असत’ असे दोन्ही पाय एकाच काळात आणले, की वाक्य सरळ उभे राहते. ‘असे’चे ‘असत’ का झाले, ते दुसऱ्या फेरीत येईलच.

आता ‘होणार आहे’. याला हात लावायचा नाही. आजूबाजूला सगळा भूतकाळ असल्यामुळे हेही ‘होणार होता’ असे करावे, असे घाईत वाटते. पण मराठीत ‘की’नंतरचे वाक्य सांगणाऱ्याच्या मूळ काळात राहू शकते आणि सहसा राहतेच. ‘हा उपक्रम होणार होता’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला तो पुढे झाला नाही असा भास होतो, म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली अर्थ बदलतो. शाळेत असताना एका परीक्षेत मी नेमके हेच केले होते. शेवटच्या मिनिटांत नव्या उत्साहाने चार ठिकाणचे ‘आहे’ खोडून ‘होते’ केले, आणि तपासलेल्या उत्तरपत्रिकेत त्या चारही जागा लाल शाईने अधोरेखित होऊन परत आल्या. मूळचे चारही बरोबर होते. शेवटचे ‘पाहिजे’ही काळाच्या दृष्टीने ठीक आहे, कारण हकिकत संपून लेखकाचे मत सुरू झाले आहे. काळ बदलणे ही चूक नव्हे. कारण नसताना बदलणे ही चूक. थांबून एवढेच विचारायचे, की या वाक्यात घटना सांगितली आहे, कोणाचे बोलणे सांगितले आहे, की नेहमीचे सत्य अथवा मत मांडले आहे.

दुसरी फेरी अधिक रसाची आहे, आणि गुणही मला वाटते तिथेच जास्त सांडतात. ‘क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते’ हे आपण पाठ केलेले असते, पण मराठीत ते अर्धेच खरे आहे. भूतकाळातल्या सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला सहसा ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो, आणि मग क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते. म्हणून परीक्षेच्या घाईत ‘कर्ता कोण?’ हा प्रश्न विचारण्याऐवजी ‘प्रत्यय न लागलेले नाम कोणते?’ हा विचारावा. क्रियापदापासून डावीकडे सरकत जायचे. ‘ने’, ‘नी’, ‘ला’, ‘ना’, ‘ची’, ‘साठी’ असे काही लागलेले प्रत्येक नाम ओलांडायचे, आणि जे मोकळे सापडेल त्याच्याशी क्रियापद जुळवायचे; कर्ता आणि कर्म दोन्ही मोकळी असतील, तर कर्त्याशी.

‘सभासदांनी आपली जुनी पुस्तके दिले.’ सभासदांना ‘नी’ आहे, ते ओलांडले. ‘पुस्तके’ मोकळे आहे. आता त्याच्यापुढे दर्शक सर्वनाम लावून पाहा: ते पुस्तक, पण ती पुस्तके. ‘ती’ म्हणजे ‘दिली’. ही कसोटी मला फार विश्वासाची वाटते, कारण सर्वनामाचा आणि क्रियापदाचा शेवट जवळजवळ सोबतच चालतो: तो तर ला, ती तर ली, ते तर ले, त्या तर ल्या. नपुंसकलिंगी अनेकवचनाची चूक इतकी का होते, याचे कारणही या जोडीतच दिसते. ‘पुस्तके’, ‘झाडे’, ‘कारणे’, ‘फुले’ या शब्दांच्या शेवटी एकार आहे, आणि लिहिणारा हात त्याच सुरात पुढे ‘दिले’, ‘तोडले’, ‘सांगितले’, ‘उमलले’ असे लिहून जातो. बोलताना ‘पुस्तकं दिली’ म्हणणारा माणूसही औपचारिक लिहायला बसला की या एकाराच्या नादी लागतो. सबब घाईत दुसरे काही तपासता आले नाही, तरी एकारान्त अनेकवचनी नामापुढचे ‘ले’ तेवढे तपासावे.

‘मी स्वतः चार कादंबऱ्या दिले’ इथे सापळा वेगळा आहे. ‘मी’ला ‘ने’ दिसत नाही, म्हणून तोच मोकळा कर्ता वाटतो. परंतु ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ यांचे रूप या रचनेत बदलतच नाही. त्यांच्या जागी ‘तिने’ ठेवून पाहिले की रचना उघडी पडते. तिने कादंबऱ्या दिल्या, म्हणून मीही दिल्या. शिकणे, विसरणे, बोलणे अशी काही क्रियापदे मात्र भूतकाळातही कर्त्यालाच धरून राहतात (‘ती कविता शिकली’, ‘तो नाव विसरला’), आणि तीही याच बदलाने ओळखू येतात: ‘तिने शिकले’ कानाला खटकते, मग कर्ता मोकळा आहे. एकही नाम मोकळे सापडले नाही, जसे ‘सभासदांनी मुलांना बोलावले’ यात, तर क्रियापद ‘ले’वर स्थिर ठेवावे आणि पुढे जावे.

‘लहान मुलांसाठीच्या पुस्तकांची मागणी सर्वांत जास्त असतात.’ याचा काळ पहिल्या फेरीत सुधारला, पण मूळ वाक्यात मेळही चुकलेला होता. मुले अनेक, पुस्तके अनेक, आणि त्या गर्दीच्या जोरावर क्रियापद अनेकवचनी झाले. मोकळे नाम मात्र ‘मागणी’ एवढे एकच आहे. समस्या, संख्या, गरज, प्रमाण या शब्दांच्या आधी षष्ठीतली अनेकवचने रांगेने येतात, आणि निबंधांत तर हेच शब्द वारंवार लागतात. वाक्य जितके लांब, तितका हा धोका मोठा.

‘आजोबा’ मोकळे नाम आहे, पण आदरार्थी अनेकवचन घेते, म्हणून ‘दाखवत असे’ नव्हे, ‘असत’. आदराची चूक बहुधा एका वाक्यात दिसत नाही, दोन वाक्यांच्या मध्ये दिसते: एकदा ‘ते म्हणाले’ आणि तीन ओळींनंतर त्याच व्यक्तीबद्दल ‘तो म्हणतो’. व्यक्तीविषयी लिहिले असेल, तर तिचा प्रत्येक उल्लेख एका नजरेत पाहून घ्यावा.

शेवटच्या वाक्यात एक ‘त’ राहिला आहे. ‘उपक्रम’ हा शब्द एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच दिसतो, त्यामुळे वचन कळते ते ‘असे’ आणि ‘झाले’ यांवरून. ते अनेकवचन आहे, म्हणून ‘पाहिजेत’. आहे-आहेत, नाही-नाहीत, नये-नयेत, पाहिजे-पाहिजेत या चार जोड्यांमधला ‘त’ निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात सर्वांत जास्त गळतो, कारण उपाय आणि अपेक्षा तिथेच येतात आणि वेळही तिथेच संपत आलेला असतो. मी दुसरी फेरी म्हणूनच शेवटच्या परिच्छेदापासून सुरू करून वर जाते.

नामाच्या लिंगाविषयीच शंका असेल, तर त्या मिनिटाला आठवत बसू नये. ‘वेळ’ हा शब्द तर कालावधीच्या अर्थाने ‘खूप वेळ लागला’ असा पुल्लिंगी चालतो आणि प्रसंगाच्या अर्थाने ‘निघायची वेळ झाली’ असा स्त्रीलिंगी होतो, दोन्ही बरोबर. अशा जागी दुसरे नाम वापरणे हा सोपा मार्ग आहे. तसेच ‘आणि’ने जोडलेले भिन्न लिंगांचे कर्ते असतील, तर ‘हे सर्व’ किंवा ‘दोघेही’ असा शब्द मध्ये घालून क्रियापद त्याच्याशी जुळवावे. फक्त नाम बदलले, की त्याच्या आधीचे विशेषणही पाहायचे: ‘नवा उपक्रम सुरू केला’ यातला ‘उपक्रम’ खोडून ‘योजना’ लिहिली, तर ‘नवी’ आणि ‘सुरू केली’ अशा आणखी दोन जागा बदलाव्या लागतात.

हाताने लिहिलेल्या कागदावर ‘ले’चे ‘ली’ करताना मात्रेवर वेलांटी गिरवू नये. त्यातून जे अक्षर तयार होते, ते तपासणारा दोन्ही प्रकारे वाचू शकतो. पूर्ण शब्दावर एक आडवी रेघ मारून वर ‘दिली’ असे स्वच्छ लिहायला चार-पाच सेकंद लागतात, आणि राखून ठेवलेले शेवटचे मिनिट त्यासाठीच असते.