गोळे पुसले गेले आणि नँडच्या जागी ऑर बसला

कुपवाड एमआयडीसीतल्या एका मोल्डिंग मशीनचं कंट्रोल कार्ड बेंचवर आलं. तक्रार एवढीच की फॉल्टचा दिवा विझतच नाही. गार्ड बंद, हीटर थंड, तरी दिवा चालूच. आधी दुसरीकडे दुरुस्ती होऊन एक आयसी बदललेला होता.

सर्किटमध्ये /GUARD म्हणजे मशीनच्या सुरक्षा-झाकणाची आणि /OTEMP म्हणजे हीटर जास्त तापल्याची, अशा दोन लाइन एका गेटमध्ये जातात आणि FAULT बाहेर पडतो. नावापुढची तिरकी रेघ म्हणजे ॲक्टिव्ह-लो: सगळं ठीक असताना लाइन ५ व्होल्टवर, बिघाड झाला की शून्याजवळ. FAULT ला रेघ नाही, म्हणजे तो हाय झाला की बिघाड. गेटचा आकार ऑरचा आणि दोन्ही इनपुटवर छोटे गोळे, म्हणजे तिथे लो आला की तो इनपुट ‘लागू’ धरायचा.

कार्डावर 74LS32 बसवलेला, म्हणजे साधा ऑर: एकही इनपुट हाय असला तरी आउटपुट हाय. पिन १४ वर ५ व्होल्ट बरोबर, पिन १ आणि २ दोन्ही हाय, पिन ३ सुद्धा हाय. दोन्ही लाइन ऑप्टोच्या ओपन कलेक्टरवर आणि पुल-अप रेझिस्टरवर असल्यामुळे त्या तारेने ग्राउंडला टेकवायला भीती नव्हती. नेहमीच्या टीटीएल आउटपुटला असं करू नये. एक टेकवली, पिन ३ हायच. दोन्ही टेकवल्या, तेव्हा कुठे लो. म्हणजे गार्ड उघडा आणि हीटरही तापलेला असेल तेव्हाच हे कार्ड ‘सगळं ठीक’ म्हणणार! दिवा सतत पेटून राहिला हेच नशीब.

हवा होता 74LS00. त्याच्या डेटाशीटवर ‘पॉझिटिव्ह-नँड’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे हायला १ धरलं तर तो नँड. पण कोणताही इनपुट लो झाला की त्याचं आउटपुट हाय होतं, आणि इथे लो म्हणजेच बिघाड. ‘हा किंवा तो बिघाड’ हे दिसावं म्हणून ड्रॉइंग करणाऱ्याने त्याच नँडला गोळेवाल्या ऑरचा आकार दिला. ड्रॉइंग चोख आहे. म्हणून मी असं सर्किट वाचताना १ आणि ० लिहीतच नाही, एच आणि एल लिहितो. व्होल्टेज बदलत नाही, बदलतो तो त्याचा अर्थ.

आधीच्या मेकॅनिकला मूर्ख म्हणवत नाही. त्याच्याकडची झेरॉक्स बघितली. गोळे जवळजवळ पुसलेले, आयसीचा नंबर वेगळ्या पार्ट लिस्टमध्ये. त्यात 74LS00 आणि 74LS32 चे पिन तंतोतंत सारखे, त्यामुळे बसवताना शंका येण्याचं कारणच नाही.

74LS00 घातल्यावर दिवा विझला, कोणतीही एक लाइन टेकवली की पेटला. मला खटकतं ते मूळ डिझाइन. गार्डची वायर तुटली तर पुल-अप लाइन हायच ठेवणार आणि कार्ड ‘ठीक’ म्हणणार. आयसी बदलून ते सुटत नाही. मालकांना तसं बिलावरच लिहून दिलं आणि गार्डचा एनसी कॉन्टॅक्ट थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये घ्यायला सांगितलं.