तीस सेकंदांची गुळणी

चवथीला घरोघरी आरत्या म्हणून फोंड्यातल्या आमच्या सगळ्या मंडळींचे घसे बसले. माझा तर आवंढा गिळतानाही दुखत होता. डॉक्टरांनी तपासलं, ताप नव्हता, घशात पांढरे डागही नव्हते. त्यांनी पोव्हिडोन आयोडीनच्या २ टक्केवाल्या गुळण्या लिहून दिल्या.

फार्मसीतल्या मुलीने बाटली देताना आधी लेबल दाखवलं. याच नावाचं, याच तपकिरी रंगाचं जखमेवर लावायचं औषध असतं, ते बरंच तीव्र. घरात दोन्ही असतील तर ‘गार्गल’ हा शब्द वाचल्याशिवाय बाटली उघडायची नाही.

प्रमाण सोपं होतं: १० मिली औषध, तेवढंच कोमट पाणी, ऐनवेळी मिसळायचं. पण वीस मिली एकदम तोंडात घेतलं की ठसका ठरलेला, म्हणून मी अर्धं-अर्धं घेतो. आधी साध्या पाण्याने चूळ भरतो, कारण पेजेचा अंश तोंडात राहिला तर आयोडीन त्याच्यावरच खर्ची पडतं.

खरी कसरत तीस सेकंदांची. औषध जंतूंपाशी तेवढा वेळ टिकलं पाहिजे, आणि आपली सवय चार वेळा ‘गर्रर्र’ करून थुंकायची! एका श्वासात तीस सेकंद होतही नाहीत. मी मान थोडीच मागे करतो आणि ‘आ’ असा आवाज काढत हळूहळू श्वास सोडतो. हवा बाहेर येत असते तोवर पाणी खाली उतरत नाही. श्वास संपत आला की मान पुढे, तोंड मिटून नाकाने श्वास, मग पुन्हा ‘आ’. मान फार मागे टाकली की गिळलं जातंच. घड्याळ समोर ठेवावं. मनातले तीस आकडे भलतेच वेगाने पळतात.

मग सगळं थुंकायचं. बेसिनवर लगेच पाणी ओतलं नाही तर डाग पडतात आणि घरात बोलणी बसतात. त्यानंतर अर्धा तास मी काही खात-पीत नाही, चहासुद्धा नाही.

चुकून थेंबभर पोटात गेलं तर घाबरण्यासारखं नसतं, पण रोज थोडं थोडं गिळलं तर जादा आयोडीन थायरॉईडपर्यंत पोचतं. म्हणूनच वहिनींनी ‘मलाही दे रे थोडं’ म्हटलं तेव्हा मी बाटली दिली नाही. त्यांना थायरॉईडची गोळी चालू आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे वापरू नये. लहान मुलांना गुळणी थुंकायला जमत नाही, त्यांनाही नकोच.

घसा थंडी-वाऱ्याने धरला असेल तर तो आपल्या गतीनेच सुटतो. गुळणीने माझी टोचणी तेवढी कमी झाली. वहिनींनी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घातलं, आणि त्यांचाही आवाज माझ्याबरोबरच मोकळा झाला.