तुम्ही विचारलंत म्हणून: नॅरेशनमधली चटचट आणि मोठे श्वास

"ताई, माइक चांगला घेतलाय तरी व्हिडिओच्या नॅरेशनमध्ये तोंडाची चटचट आणि श्वास एवढे मोठे ऐकू येतात. तुम्ही ते कशाने काढता, कोणतं सॉफ्टवेअर?"

सॉफ्टवेअरचं नंतर सांगते, आधी एक करून बघा. आत्ता बसल्या जागी जीभ टाळूला चिकटवा आणि हळूच सोडवा. तो जो बारीक चट् आला ना, तोच तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. जीभ आणि टाळू, नाहीतर दोन ओठ, यांच्यामध्ये लाळेचा पातळ पापुद्रा ताणला जातो आणि तुटतो, त्याचा तो आवाज. तोंड कोरडं पडलं की लाळ घट्ट आणि चिकट होते आणि हे जास्त होतं, म्हणजे बहुतेकांना वाटतं तसं तोंड "जास्त ओलं" असल्यामुळे नाही, उलट आहे. सर्दीच्या किंवा ॲलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, त्या दिवशी चटचट वाढली तर माइकला दोष देऊ नका.

आता मुख्य मुद्दा, जो मला बराच उशिरा कळला. आवाज मोठा केला म्हणून चटचट त्या प्रमाणात मोठी होत नाही. तुम्ही कुजबुजा किंवा खणखणीत बोला, पापुद्रा तुटायचा आवाज साधारण तेवढाच राहतो. म्हणजे खरा प्रश्न प्रमाणाचा आहे, बोलणं किती आणि चट् किती. आणि आपण घरी रेकॉर्ड करताना नेमकं उलटं करतो, कुणाला त्रास नको म्हणून हळू बोलतो, हळू बोलतो म्हणून माइक तोंडाजवळ ओढतो आणि गेन वाढवतो, की बोलण्याबरोबर प्रत्येक चट् पण वर येतो.

माझं एक पाच मिनिटांचं नॅरेशन असंच झालं होतं. रात्री उशिरा, माइक ओठांपासून चार बोटांवर, आवाज अगदी मऊ. दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून पहिल्या मिनिटातले चट् मोजले तर 31 निघाले, म्हणजे दर दोन सेकंदाला एक. मग तेच मिनिट परत वाचलं, पण माइक वीतभर लांब, समोर टेबलापलीकडे कुणीतरी बसलंय त्याला सांगतेय एवढ्या आवाजात, आणि गेन त्या मानाने खाली. तीच स्क्रिप्ट, तोच माइक, आणि चट् 9. त्या नऊमधले पण निम्मे विरामात होते, ते काढणं सोपं असतं.

वीतभर म्हणजे साधारण 20 सेंटीमीटर. याहून लांब गेलात तर रिकाम्या खोलीचा घुमारा आवाजात शिरायला लागतो आणि तो नंतर काढणं चटचटीपेक्षा अवघड, म्हणून तिथेच थांबा. अंतराबरोबर कोन पण बदला, माइक तोंडाच्या सरळ समोर नको, थोडा बाजूला ठेवा आणि त्याचं तोंड तुमच्या ओठांच्या कोपऱ्याकडे वळवा. वरच्या पट्टीतले बारीक आवाज तोंडातून सरळ समोर जास्त जातात, बाजूला कमी, आणि चट् हा तसलाच आवाज आहे. श्वासाची हवा पण मग थेट माइकवर आपटत नाही. पॉप फिल्टर लावला तरी चटचट जात नाही असं बरेच जण कळवळून सांगतात, तर तो त्याच्यासाठी नाहीच आहे, तो प आणि फ च्या हवेच्या झोतासाठी आहे, त्यासाठी ठेवा जरूर.

पाण्याचं सांगायचं तर रेकॉर्डिंगच्या तास-दोन तास आधीपासून थोडं थोडं प्या. ऐन वेळी घोट घेतला तर तोंड जरा वेळच बरं राहतं, मग परत तेच. आंबटसर हिरव्या सफरचंदाचा एक तुकडा चावून खाल्ला तर लाळ पातळ सुटते आणि काही मिनिटं तोंड खरंच स्वच्छ वाटतं, मी अवघड परिच्छेदाच्या आधी हे करते. लिप बाम लावत असाल तर आधीच लावून पुसून टाका, ताज्या बामचे ओठ सुटताना स्वतःच आवाज करतात.

आणि एक सवय, जिने मला सगळ्यात जास्त फरक पडला. तुमच्या वेव्हफॉर्ममध्ये नीट बघा, बरेचसे चट् वाक्याच्या आत नसतातच, वाक्य सुरू व्हायच्या अगदी आधी असतात. कारण आपण विराम घेतला की तोंड मिटतो आणि पुढचं वाक्य बोलायला उघडतो, ते उघडणं म्हणजे चट्. म्हणून विरामात ओठ मिटूच नका, जरासे विलग ठेवा, जबडा सैल, आणि श्वास घेऊन त्याच उघड्या तोंडाने बोलायला लागा. दोन दिवस विचित्र वाटतं.

इथूनच श्वासाकडे येते. श्वास ऐकू येतो तो मुळात घाईमुळे. तीच हवा अरुंद वाटेने झटक्यात ओढली की सूं असा आवाज होतो, घसा मोकळा ठेवून सावकाश घेतली की जवळजवळ होत नाही. आणि घाई का होते तर वाक्य फार लांब असतं. माझ्या एका स्क्रिप्टमध्ये असं होतं: "आता आपण डाव्या बाजूचा मेनू उघडून त्यातला तिसरा पर्याय निवडून खाली आलेल्या चौकटीत आपल्या फाइलचं नाव टाकून ती जतन करणार आहोत". मी हे चार वेळा वाचलं आणि चारही वेळा "निवडून" नंतर धापेसारखा श्वास आला, कारण तिथे हवा संपत होती आणि वाक्य संपत नव्हतं. मग ते तोडलं: "डाव्या बाजूचा मेनू उघडा. तिसरा पर्याय निवडा. खाली चौकट येईल, तिथे फाइलचं नाव टाका आणि जतन करा." आता श्वास पूर्णविरामावर आला, तिथे पडद्यावर पण काहीतरी घडत असतं त्यामुळे विराम खटकत नाही आणि घाई नाही. आता मी स्क्रिप्ट एकदा मोठ्याने वाचून श्वासाच्या जागी पेन्सिलने तिरकी रेघ मारते, आणि रेघ नको त्या जागी आली तर वाक्य बदलते.

एवढं करूनही काही उरतंच, मग एडिटिंग. रेकॉर्डिंग संपलं की लगेच उठू नका, अर्धा मिनिट काही न बोलता तसंच चालू ठेवा, ही तुमच्या खोलीची शांतता, पुढे लागते. विरामातला चट् असेल तर तेवढा तुकडा निवडून त्याच्यावर ही शांतता चिकटवा, तेवढ्याच लांबीची. पूर्ण सायलेन्स टाकू नका, कान लगेच पकडतो की इथे खोलीच गायब झाली.

शब्दाच्या आतला चट् असेल तर मी ऑडॅसिटीत ट्रॅक Spectrogram मध्ये बघते, तिथे तो उभ्या बारीक रेघेसारखा दिसतो. त्याच्यावर झूम करून फक्त तेवढाच भाग निवडायचा आणि Repair वापरायचं, ते आजूबाजूचा आवाज बघून मधला भाग नव्याने भरतं. पण Repair एका वेळी फक्त 128 सॅम्पलपर्यंतच चालतं, व्हिडिओच्या नेहमीच्या 48000 हर्ट्झवर ते जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद होतात, त्यामुळे आधी पुरेसं झूम करा, नाहीतर नुसता एरर येईल. त्यातच Click Removal पण आहे, पण ते जुन्या रेकॉर्डवरच्या चरचरीसाठी बनवलेलं आहे, तोंडाच्या चटचटीवर कधी चालतं कधी नाही. खास तोंडासाठीचे Mouth De-click सारखे प्लगइन मिळतात आणि ते चांगलं काम करतात, पण जोर कमी ठेवा. जास्त ओढलं की काय होतं सांगते: ट, त, क हे जिभेचा स्फोट होऊनच तयार होतात, म्हणजे दिसायला ते पण उभी रेघच, आणि प्लगइन त्यांना पण चट् समजून खातं. मग "कट" ऐकायला "कअ" सारखं लागतं. म्हणून प्लगइन चालवल्यावर ट-त-क असलेलं एखादं वाक्य आधीच्याशी ताडून ऐकायचंच.

श्वास मात्र कापू नका. सगळे श्वास काढलेलं नॅरेशन ऐकताना ऐकणाऱ्याचाच जीव कोंडतो, आणि कापताना विराम आखूड झाला तर वाक्यं एकमेकांवर चढतात. फक्त श्वासाचा तुकडा निवडून Amplify मध्ये उणे 8 डेसिबल टाका, श्वास राहतो पण मागे जातो. ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा नॉइज गेट लावून हे आपोआप करायचा मोह होतो, मी करून बघितलंय, तो श्वासाचं शेपूट अर्धवट ठेवतो आणि शब्दांचे शेवटचे हलके स्वर पण गिळतो.

हे सगळं कंप्रेसरच्या, म्हणजे ठरावीक रेषेच्या वर गेलेला आवाज दाबणाऱ्या इफेक्टच्या, आधी करायचं, ही गोष्ट बरेच जण उलटी करतात. समजा बोलण्याचा पीक उणे 12 डेसिबल आणि श्वास उणे 38. कंप्रेसर उणे 20 वर, 4:1 ने लावला तर बोलणं उणे 18 वर दाबलं जातं, श्वासाला हातच लागत नाही कारण तो त्या रेषेच्या खाली आहे. मग आपण गेलेले 6 डेसिबल परत भरून काढतो, बोलणं परत उणे 12, पण श्वास आता उणे 32. म्हणजे बोलणं होतं तिथेच आणि श्वास (आणि प्रत्येक चट्) सहा डेसिबलने वर आला. तुमचं कच्चं रेकॉर्डिंग ठीक आणि तयार व्हिडिओ खराब वाटत असेल तर नव्वद टक्के हेच कारण. कंप्रेसरच्या आधी श्वास 8 ने खाली घेतला असता तर तो शेवटी उणे 40 वर राहिला असता.

शेवटची तपासणी व्हिडिओला मागे म्युझिक असेल तर म्युझिकसकट करा, साध्या इअरफोनवर, नेहमीच्या आवाजात. नुसत्या ट्रॅकवर हेडफोन मोठा करून शोधत बसलात तर रात्र जाईल, आणि त्यातले अर्धे चट् म्युझिकखाली कुणालाच ऐकू येणार नसतात. म्युझिकसकट ऐकताना जो टोचेल त्याची वेळ लिहून ठेवायची आणि तेवढेच परत उघडून दुरुस्त करायचे. परवाच्या सहा मिनिटांच्या व्हिडिओत माझे असे सात निघाले, त्यातले पाच वाक्य सुरू व्हायच्या आधीचे.