बाहेरून जीभ पोळते, आतून थंडगार: माझ्या आलूबोंड्याची गोष्ट

आमच्या गावच्या आठवडी बाजारात मागच्या थंडीत मी आलूबोंडा आन ब्रेड पकोड्याची गाडी लावली. घरी बोंडे खूपदा केले होते म्हणून वाटलं यात काय आहे, पण पहिल्याच बाजारात शाळेच्या सरांनी बोंडा फोडला आन म्हणाले, काहो भाऊ, हा फ्रीजमधून काढून दिला का? खरंच, वरून काळपट लाल, आत आलू थंड आन मधी कच्च्या बेसनाची चिकट पिवळी रेघ. तो बोंडा मी स्वतः खाऊन पाहिला, लाज वाटली.

झालं असं की सकाळी घाई नको म्हणून आलूचा मसाला रात्रीच करून फ्रीजमध्ये ठेवला होता, तसाच थंड काढून गोळे वळले, तेही मोठ्ठे, 2 किलो आलूत जेमतेम 25 (गिऱ्हाईक खूश होईल म्हणून). बेसन घट्ट भिजवलं आन गर्दी झाली म्हणून गॅस फुल. तेल इतकं तापलं होतं की वरचं बेसन दीड मिनिटात लाल व्हायचं, मग मला वाटायचं झालं, काढा.

दुसऱ्या बाजारी मी उलटं केलं, गॅस एकदम बारीक. आतून गरम झाले, पण बोंडे तेल पिऊन बसले, कागद ओला व्हायचा. बेसन पातळ केलं तर थर फाटून आलू तेलात सांडला, तेल काळं, जळके कण पुढच्या घाण्याला चिकटले. त्या दिवशी घाटाच झाला.

मग मावशीकडे गेलो, तिनं बरीच वर्षं बसस्टँडजवळ कढई सांभाळली आहे. ती म्हणे, अरे बाप्पा, आलू तर आधीच शिजला आहे, तुला तो फक्त गरम करायचा आहे, मग एवढा मोठा गोळा काहून करतो? गरमी आत जायला वेळ लागतो, आन गोळा दुप्पट जाड केला तर वेळ दुप्पट नाही, चौपटीच्या जवळ जातो. आता मी 2 किलोचे 40 करतो, लिंबापेक्षा थोडे मोठे. मसाला फ्रीजमध्ये असला तर सकाळी कढईत परत वाफ येईपर्यंत परततो, मग कोमट असतानाच वळतो. एवढ्यानंच अर्धं काम झालं.

बेसनाचं तिनं बोटावर दाखवलं. बोट बुडवून बाहेर काढलं की नख दिसू नये, पण थेंब लोंबत पण राहू नये, सावकाश गळून थांबावं. अर्धा किलो बेसनाला माझं साधारण 600 मिली पाणी जातं, पण बेसन बदललं की थोडं कमीजास्त होतं म्हणून मी बोटावरच भरोसा ठेवतो. थर दोनेक मिलिमीटर राहिला तर तो आलूसोबतच शिजतो, जाड केला की वरचं लाल आन आतलं कच्चं.

तेलासाठी बेसनाचा थेंब टाकायचा. तळाशी बसून राहिला तर तेल थंड, टाकताच वर येऊन लाल झाला तर जास्त तापलं, आन खाली जाऊन दोन-तीन सेकंदात बुडबुडे घेत वर आला तर टाकायचे. भाच्यानं थर्मामीटर आणलं होतं, तेव्हा तेल 170-175 अंश सेल्सिअस भरलं. एका घाण्यात दहाबारा टाकले की ते बरंच उतरतं, म्हणून माझ्या कढईत मी सहाच टाकतो आन लगेच थोडा गॅस वाढवतो. चारेक मिनिटं लागतात, झाऱ्यानं फिरवत राहायचं. खात्री करायची असली तर घाण्यातल्या एका बोंड्यात स्टीलची सळई मधोमध पाच सेकंद ठेवायची आन मनगटाला हळूच लावायची: चटका बसला तर झालं, कोमट लागली तर अजून मिनिटभर.

ब्रेड पकोड्याचं दुखणं वेगळं आहे. ब्रेडच्या आत हवा असते, म्हणून गरमी मधल्या मसाल्यापर्यंत सहज पोचत नाही, त्यात तो तेलावर तरंगतो, वरची बाजू उघडीच. मी मसाला अर्धा सेंटिमीटरच पसरवतो, तोही गरम, काठापर्यंत, आन त्रिकोणी कापून बेसनात बुडवून लगेच काढतो, जास्त वेळ ठेवला तर ब्रेड पाणी पिऊन लिबलिबीत होतो. बेसन बोंड्यापेक्षा जरासं घट्ट, नाहीतर कापलेल्या बाजूनं तेल आत शिरतं. तळताना झाऱ्यानं वरून तेल मारायचं आन दोनदा पलटायचं. ताजा लुसलुशीत ब्रेड फाटतो, म्हणून आदल्या दिवशीचा घेतो.

गर्दीच्या आधी मी दोन घाणे फिके तळून ताटात काढून ठेवतो, तेवढ्यात वरची गरमी आत सरकते. गिऱ्हाईक आलं की दीड मिनिट परत तेलात. तासाभरापेक्षा जुने झालेले देत नाही, ते घरी पोरं खातात, आन हल्ली पोरंच म्हणतात, बाबा आज एवढेच उरले का?