बॅच नंबर

"कृपया पाकिटावरचा बॅच नंबर कळवा." कंपनीचं एवढंच उत्तर आलं आणि मी थबकले. कपडे धुण्याची पावडर तर मी आल्या आल्या डब्यात ओतली होती!

ईमेलमध्ये मी मनापासून सगळं लिहिलं होतं. नवं पाकीट काढल्यापासून तीन धुण्यांत निळा कुर्ता फिकट झाला, कमरेला आणि काखेत लाल चट्टे उठले, रात्रभर खाज. पण कुठल्या पाकिटाबद्दल बोलतेय, तेच लिहिलं नव्हतं.

नशीब, कचरा अजून गेला नव्हता. चुरगळलेलं पाकीट सरळ केलं, नंबर सापडला. सोबत जुनं रिकामं पाकीटही होतं, म्हणून दोन्हीकडची घटकांची यादी शेजारी ठेवून वाचली. नव्यात ऑक्सिजन ब्लीच आहे, जुन्यात नव्हतं. पांढऱ्या कपड्यांना ते चालतं, कच्च्या रंगाला नाही. समोर मात्र ठळक अक्षरांत फक्त 'नवे, अधिक प्रभावी'.

खाजेचं कारण वेगळंही असू शकतं. चट्टे उठले ते कपडा घट्ट बसतो, घाम येतो तिथेच. एक कुर्ता नुसत्या पाण्यातून पुन्हा दोनदा खळबळला, तर पहिल्या पाण्याला फेस आला. म्हणजे पावडर कपड्यात राहत होती. तो घातल्यावर खाज बरीच कमी वाटली. तरी चट्टे डॉक्टरांना दाखवणार आहे.

आता दुसरा ईमेल पाठवलाय: बॅच नंबर, दोन्ही याद्यांचे फोटो, कुर्त्याच्या आतल्या शिवणीचा आणि बाहेरचा रंग शेजारी शेजारी.

घटक बदलले, हे समोरच्या बाजूला लिहायला काय हरकत होती?